पाच बोटांचे गाणे

मास्टर दीनानाथ मंगेशकर 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात गेले, तेव्हा थोरल्या लताबाई बारा वर्षांच्या होत्या आणि धाकटे हृदयनाथ जेमतेम चार वर्षांचे. पुढे पी. सावळाराम यांनी ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ लिहिले, वसंत प्रभूंनी त्याला चाल दिली आणि लताबाईंनी ते गायले. आवाज एकटीचा असला, तरी मराठी घरांत ते दीनानाथांच्या पाचही मुलांचे गाणे म्हणूनच ऐकले जाते.

कवीने शोक आणि कृतज्ञता वेगळ्या कडव्यांत वाटून दिलेली नाहीत. वडिलांनी लावलेले झाड आता बहरले आहे, ही कृतज्ञता. पण ते पाहायला याल का, असे लगेच विचारताच तीच ओळ दुखरी होते. पुढे घराला तीर्थाचे मोल येते, पण वडिलांवाचून त्या वैभवाला शोभा नाही. प्रत्येक मिळकतीपाशी उणीव उभी आहे. माझ्या मते म्हणूनच हे गाणे नुसते गुणगान होत नाही.

शेवटच्या कडव्यात पाच बोटे आणि पंचप्राण येतात. मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या भावंडांसह लताबाई इथे मला स्पष्ट दिसतात. आता कशाचीच कमतरता नाही, असे सांगून झाल्यावर मागणी उरते ती एवढीच, की बाबांनी एकदा येऊन पाठीवरून हात फिरवावा.