सातवं पाऊल

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि कार्यालयातली निम्मी मंडळी जेवणाच्या रांगेकडे वळतात. बहुतेकांच्या लेखी लग्न लागलेलं असतं. विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं मात्र त्यानंतरचं. तेव्हा होमापाशी आईवडील, मामा-मामी आणि फोटोग्राफर एवढेच उरतात.

पुण्यातल्या एका लग्नात गुरुजींनी यजमानांशी आधीच बोलून सप्तपदीपर्यंत पंगत थांबवली होती. मुलगी नाशिकची, मुलगा लखनौचा. समोर दोन्हीकडच्या आज्या, ऑफिसातली मंडळी आणि परदेशातून आलेले काही मित्र. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर गुरुजी मराठीत आणि मधूनमधून हिंदीत दहाएक मिनिटं बोलले.

पहिला गोंधळ त्यांनी आधी दूर केला. लखनौकडची मंडळी सात फेऱ्यांची वाट पाहत होती. "फेरे अग्नीभोवती असतात, सप्तपदी सरळ चालायची असते," गुरुजी म्हणाले. मुलीकडचे ऋग्वेदी, म्हणून विधी आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे होता. त्यात लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते, दोघं प्रदक्षिणा घालतात आणि ती सहाणेवर पाय ठेवते. असं तीनदा. त्यानंतर अग्नीपासून ईशान्येकडे सात पावलं. सूत्रात या दिशेला अपराजिता म्हटलं आहे, जिथे हार नाही अशी दिशा.

तांदळाच्या सात लहान राशी एका ओळीत घातलेल्या होत्या, प्रत्येकीवर एक सुपारी. नवऱ्याने नवरीचा हात धरायचा आणि तिने उजवं पाऊल एकेका राशीवर ठेवत पुढे जायचं. प्रत्येक पावलाला मंत्राचे दोनतीनच शब्द असतात. विधी इतका आटोपशीर आहे, की घाई केली तर अर्ध्या मिनिटात उरकतो आणि काय झालं ते चालणाऱ्यांनाही कळत नाही.

पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं त्या अन्नातून येणाऱ्या बळासाठी, तिसरं धनाच्या वाढीसाठी. सुखाचा उल्लेख येतो तो चौथ्या पावलाला. गुरुजी या क्रमापाशी थांबले. "घरात आधी धान्य लागतं, अंगात ताकद लागते, हातात चार पैसे लागतात. सूत्रकाराने सुख त्याच्यानंतर ठेवलंय, हे ध्यानात घ्या." पाचवं पाऊल संततीसाठी. मात्र यजुर्वेदी माध्यंदिन शाखेची घरं पारस्कर गृह्यसूत्र पाळतात, त्यात पाचवं पाऊल पशुधनासाठी आहे. दोन घरांतल्या पोथ्या जुळल्या नाहीत तर कुणाचं तरी चुकलं असं समजू नये, शाखा वेगळी असते. सहावं पाऊल ऋतूंसाठी. आपल्याकडे ऋतू सहा आणि पाऊलही सहावं. ही सांगड गुरुजींनी घातली आणि मला ती पटली. उन्हाळा-पावसाळा एकाच छपराखाली काढायचा, हेही मागून घ्यावं लागतं.

सातव्या पावलाला मंत्राचा सूर बदलतो. आधीची सहा पावलं कशा ना कशासाठी आहेत. सातव्याला काहीच मागितलेलं नाही. तिथे नवरा थेट नवरीला म्हणतो, सात पावलं चाललीस, आता सखा हो. पत्नी हो, गृहिणी हो असं तो म्हणत नाही. माझ्या मते सगळ्या विवाहसंस्कारातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, ही कल्पना लग्नापुरती नाही. पाणिनीने साप्तपदीन या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे आणि त्याचा अर्थ सख्य असाच आहे. समोरच्या आज्यांना गुरुजींनी वटसावित्रीची आठवण करून दिली. महाभारताच्या वनपर्वात यम सत्यवानाचे प्राण घेऊन निघतो, सावित्री त्याच्या मागून चालत राहते आणि त्याला सांगते, की सात पावलांत मैत्री होते असं जाणते म्हणतात, त्या मैत्रीच्या नात्यानेच मी तुमच्याशी बोलते आहे. यम काही तिचा नातेवाईक नव्हता, तरी सात पावलांच्या बळावर ती त्याच्याशी बोलू शकली. "आणि सात जन्मांचं काय?" एका आजींनी विचारलं. गुरुजींनी सांगितलं, "आजी, सात जन्म वटपौर्णिमेला मागतात. सप्तपदीच्या मंत्रात ते नाहीत. तिथे दीर्घ आयुष्य मागितलंय, ते या जन्माचं."

मग नवरीच्या मैत्रिणीने सरळ प्रश्न टाकला, "गुरुजी, सगळं नवराच म्हणतो. तिने काय म्हणायचं?" गुरुजींनी शब्द फिरवले नाहीत. सख्यत्व मागितल्यावर त्याच मंत्रात नवरा तिला माझ्या व्रताला धरून राहा असंही सांगतो आणि पुष्कळ पुत्र मागतो, हे त्यांनी उघड सांगितलं. नवरीचं उत्तर सूत्रात लिहिलेलं नाही. "मी सातव्या पावलाला दोघांकडूनही सख्याचं वचन म्हणवून घेतो. सख्य एकट्याने होत नाही." पुण्यातच ज्ञानप्रबोधिनीने मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत रुजवली, स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं. असा बदल परंपरेच्या आत राहून करता येतो, हे तिथे दिसतं.

कायद्यानेही याच पावलावर बोट ठेवलं आहे. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 सांगतं, की ज्यांच्या विधींत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवं पाऊल टाकल्यावर पूर्ण आणि बंधनकारक होतो. ज्यांच्या चालीरीतींत ती नाही, त्यांचं लग्न त्यांच्या रीतीने पूर्ण होतं. याचं गांभीर्य महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात दिसलं. पहिली बायको असताना एकाने दुसरं लग्न केलं, म्हणून त्याला शिक्षा झाली होती. दुसरं लग्न गांधर्व पद्धतीचं होतं. होम आणि सप्तपदी झाली नव्हती आणि त्यांच्याशिवाय लग्न लागण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. 1965 मध्ये न्यायालयाने ते दुसरं लग्न कायद्याच्या दृष्टीने झालंच नाही असं ठरवलं आणि द्विभार्येचा गुन्हा टिकला नाही. फसवणूक झालेल्या बाईच्या हाती काय उरलं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. 2024 मध्येही याच न्यायालयाने सांगितलं, की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र मिळवल्याने या कायद्याखाली विवाह होत नाही. नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचं असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा वेगळा आहे.

गुरुजींचं बोलणं संपलं आणि पावलं सुरू झाली. तिसऱ्या राशीवर फोटोग्राफरने "पुन्हा एकदा" म्हटलं. गुरुजींनी हाताने नको म्हणून खूण केली आणि पुढचा मंत्र सुरू केला. सातव्या राशीवर दोघांनी एकमेकांना वचन दिलं. मग दोघांची डोकी एकमेकांना टेकवून गुरुजींनी कलशातलं पाणी वरून शिंपडलं. हेही सूत्रातलंच.

घरात लग्न ठरलं असेल तर आठ दिवस आधी गुरुजींकडे जाऊन तीन गोष्टी ठरवा. पोथी कोणत्या शाखेची, अर्थ कोण आणि कोणत्या भाषेत सांगणार, सातव्या पावलाला नवरी काय म्हणणार. आणि पाहुणे म्हणून गेलात, तर अक्षता टाकून लगेच उठू नका. पंगत पंधरा मिनिटं उशिरा बसली तरी चालते.