पेन्शनच्या खात्यावर जप्ती

खात्यावर जप्ती आल्याचं बहुतेकांना एटीएमपाशी कळतं. पैसे निघत नाहीत म्हणून माणूस शाखेत जातो, तर तिथे सांगतात, ‘कोर्टाची ऑर्डर आहे, आमच्या हातात काही नाही.’ हे उत्तर खरं आहे. बँकेशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. तिच्याकडून आदेशाची प्रत मात्र नक्की मागून घ्यावी. कोणतं न्यायालय, दरखास्त क्रमांक काय आणि रक्कम किती, हे त्या एका कागदावर असतं आणि पुढची सगळी लढाई त्यावरच उभी राहते.

उदाहरणादाखल एक निवृत्त शिक्षिका घेऊ. भाच्याने टेम्पोसाठी एका वित्त कंपनीकडून कर्ज काढलं आणि बाई जामीनदार राहिल्या. हप्ते थकले. कंपनीने दिवाणी न्यायालयात दोघांवर दावा लावला आणि 4,80,000 रुपयांचा हुकूमनामा मिळवला. आधी भाच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनीने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली आणि न्यायालयाने बाईंच्या बँकेला मनाई आदेश पाठवला.

खात्यातली शिल्लक म्हणजे बँक खातेदाराला देणं लागते ती रक्कम. न्यायालय ती रक्कम खातेदाराला द्यायला बँकेला मनाई करतं. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 46-अ खाली बँकेला नोटीस निघते: रक्कम न्यायालयात भरा, नाही तर का भरत नाही ते सांगा. बँकेने दोन्ही केलं नाही, तर ती रक्कम बँकेकडूनच वसूल होऊ शकते. म्हणून बँका घाई करतात आणि पैसे कुठून आले हे न पाहता सगळं खातं गोठवतात.

बाईंच्या बचत खात्यात 2,27,000 रुपये आहेत. त्यातले 1,55,000 पेन्शनचे, तर 72,000 एका खोलीच्या भाड्याचे. शिवाय ग्रॅच्युइटीच्या 6,00,000 रुपयांची मुदत ठेव आहे. आदेशामुळे तिन्ही अडकले.

आता संहितेचं कलम 60 पाहा. हुकूमनाम्यासाठी काय जप्त करता येतं आणि काय नाही, याची यादी त्यात आहे. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी जप्तीबाहेर आहेत. पण पेन्शन एकदा खात्यात जमा झाली की ती साधी शिल्लक झाली, असं वसुली करणाऱ्यांचे वकील हमखास म्हणतात. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकाली काढला. निवृत्तीची रक्कम हातात आली आणि ती मुदत ठेवीत ठेवली, तरी तिचं मूळ स्वरूप बदलत नाही आणि कलम 60 चं संरक्षण कायम राहतं. तो जामीनदाराचाच खटला होता.

याच कलमातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण ती क्वचितच कुणी सांगतं. जामीनपत्रावर सही घेताना ‘माझ्या पेन्शनमधून वसूल करायला माझी हरकत नाही’ असं लिहून घेतलेलं असलं, तरी कलम 60(1-अ) नुसार ही सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. सही केली म्हणून घाबरायचं कारण नाही.

म्हणजे बाईंची मुदत ठेव आणि पेन्शनचे 1,55,000 सुटायला हवेत. भाड्याचे 72,000 मात्र जातील. त्यांना संरक्षण नाही. पण न्यायालय आपणहून ही विभागणी करत बसत नाही. त्याच न्यायालयात, त्याच दरखास्तीत, कलम 47 खाली अर्ज करावा लागतो. सोबत पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, दरमहा जमा झालेली पेन्शन दाखवणारा खातेउतारा, ग्रॅच्युइटी जमा झाल्याची नोंद आणि त्याच पैशांतून ठेव केल्याचा पुरावा जोडायचा. खरी कसोटी हीच असते. पेन्शन, भाडं, मुलाने पाठवलेले पैसे सगळं एकाच खात्यात मिसळलं असेल, तर कोणता रुपया कुठला हे सिद्ध करणं जड जातं. अर्जातच आणखी एक विनंती करावी: निर्णय होईपर्यंत बँकेने रक्कम न्यायालयात भरू नये. पैसे एकदा कंपनीला मिळाले की परत आणणं जिकिरीचं होतं.

‘हे कर्ज माझं नव्हतंच’ हा मुद्दा दरखास्तीत चालत नाही, कारण अंमलबजावणी करणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि निकाल एकतर्फी झाला असेल, तर तो रद्द करण्याचा वेगळा अर्ज आदेश 9, नियम 13 खाली मूळ न्यायालयात करावा लागतो. त्याला मुदत 30 दिवसांची. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. खातं मुलाबरोबर संयुक्त असेल, तर मुलाने आपल्या पैशांसाठी आदेश 21, नियम 58 खाली स्वतः हरकत घ्यावी. मुद्दाम उशीर केला असं दिसलं, तर न्यायालय ती ऐकायला नकार देऊ शकतं.

नोकरदाराचा हिशेब वेगळा. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीसाठी धरायचा पगार 46,000 असेल, तर महिन्याला जास्तीत जास्त 15,000 कापता येतात आणि एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिनेच. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार वाचतो. पोटगीपुढे पेन्शनची ढालही टिकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे.

कर खात्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. प्राप्तिकर अधिकारी थेट बँकेला नोटीस पाठवतो आणि संयुक्त खात्यात, उलट सिद्ध होईपर्यंत, सर्वांचा वाटा समान धरतो. अपील प्रलंबित असेल तर वसुली थांबवण्याचा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे करतात. सर्वसाधारणपणे मागणीच्या 20 टक्के भरल्यावर स्थगिती मिळते. जीएसटीत तर मागणी निश्चित होण्याआधीच कलम 83 खाली खातं तात्पुरतं जप्त होऊ शकतं. व्यापाऱ्याला डीआरसी-22 आदेश मिळाला की डीआरसी-22ए या नमुन्यात हरकत घ्यायची आणि सुनावणी मागायची. ही जप्ती एक वर्षानंतर संपते. राधाकृष्ण इंडस्ट्रीज प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की हा अधिकार अत्यंत कठोर आहे आणि ठोस पुराव्याविना, महसुलाच्या रक्षणासाठी गरज असल्याशिवाय तो वापरता येणार नाही.

निवृत्त वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पेन्शनचं खातं वेगळं ठेवा, त्यात दुसरा एक रुपयाही येऊ देऊ नका. आणि जप्ती आलीच तर वकिलाच्या खर्चाला भिऊन गप्प बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.