पनीर रबरासारखे का होते आणि का भुगते?

घरी पनीर करताना दूध उकळू लागले की त्यात लिंबू पिळले जाते आणि दूध फाटल्यावरही आच तशीच सुरू ठेवली जाते. पनीर चिवट होण्याचे मुख्य कारण या घाईतच आहे.

एक लिटर म्हशीचे दूध घेऊ. ते ढवळत 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाच मिनिटे त्याच तापमानावर ठेवावे. या उष्णतेने निवळीत वाहून जाणारी प्रथिने केसीनला चिकटतात आणि पनीरचा उतारा वाढतो. त्यानंतर मात्र आच बंद करून दूध 70 अंशांपर्यंत उतरू द्यावे. याहून बऱ्याच गरम दुधात आम्ल घातले, किंवा फाटलेले दूध उकळत ठेवले, तर केसीनचे कण घट्ट आकसतात, पाणी बाहेर फेकतात आणि पनीर रबरी होते. उलट दूध फार निवू दिले तर गाठी सैल, ओलसर राहतात आणि वडी कापताना मोडते.

आम्लासाठी 2 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) 200 मिलिलिटर पाण्यात विरघळवून तेही 70 अंशांपर्यंत गरम करावे. लिंबाचा रस चालतो, पण प्रत्येक लिंबाची आंबटता वेगळी असल्याने प्रमाण हुकते, शिवाय वासही राहतो. व्हिनेगर वापरायचे तर पाणी घालून सौम्य करावे. आदल्या खेपेची आंबलेली निवळी हा जुना आणि स्वस्त पर्याय आहे. तिला सौम्य चव असते.

द्रावण थोडे थोडे घालत हलकेच ढवळावे. गाठी सुटून निवळी पिवळसर-हिरवी व पारदर्शक दिसली की थांबावे. द्रावण उरले तरी चालते. निवळी दुधाळ असेल तर आम्ल कमी पडले असून पनीरचे घन पदार्थ वाया जात आहेत. पारदर्शक झाल्यावरही आम्ल ओतत राहिले, तर केसीनला जोडून ठेवणारे कॅल्शियम निवळीत उतरते. कण एकमेकांना धरत नाहीत आणि पनीर भुगते. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, कारण आम्लाची चव धुतली तरी गेलेले कॅल्शियम परत येत नाही.

पाच मिनिटे थांबून, गाठी गरम असतानाच मलमलीत ओताव्यात. निवलेल्या गाठी दाबूनही एकजीव होत नाहीत. दोन किलो वजनाखाली पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रात्रभर दाबल्यास पुन्हा तोच कोरडा चिवटपणा. मग वडी दोन तास थंडगार पाण्यात ठेवावी. साधारण 200 ग्रॅम पनीर मिळते.

गाईच्या दुधाचे पनीर मात्र मुळातच मऊ व ठिसूळ असते. त्यात कॅल्शियम कमी असते आणि केसीनही. एवढी एकच खेप भुगली, तर दोष आम्लाला देण्यापूर्वी दूध कोणते होते ते पाहावे.