शेरा त्याच आठवड्याचा हवा

खासगी अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाला ‘काम नीट नाही’ म्हणून संस्थेने काढले किंवा खालच्या पदावर आणले, की त्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. महाराष्ट्रात १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने ही सोय केली आहे. न्यायाधिकरणापुढे मुख्याध्यापकांचे मत कितीही ठाम असले तरी ते एकटे पुरत नाही. त्या मताला वर्षभराच्या कागदांचा आधार आहे का, हे पाहिले जाते.

१९८१च्या नियमावलीत अकार्यक्षमता म्हणजे काय, हे सांगितले आहे. वारंवार सूचना देऊन आणि सोयी पुरवूनही शिक्षकाने आपले ज्ञान अद्ययावत न ठेवणे, किंवा आवाक्याबाहेरचे कारण नसताना ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण न करणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. यातले ‘वारंवार सूचना’ आणि ‘सोयी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. शिक्षक कमी पडला, एवढे दाखवून भागत नाही. शाळेने त्याला काय सांगितले आणि कोणती मदत दिली, तेही दाखवावे लागते.

समजा, नववीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षकाचा अभ्यासक्रम मागे पडतो आहे. बऱ्याच मुख्याध्यापकांच्या लॉगबुकात अशा वेळी ‘अध्यापन असमाधानकारक, सुधारणा आवश्यक’ एवढाच शेरा सापडतो. उलटतपासणीत तो टिकत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. टिकणारी नोंद अशी असते: ‘१९ ऑगस्ट, चौथा तास, नववी ब. वार्षिक नियोजनाप्रमाणे तिसरे प्रकरण सुरू असायला हवे होते, पहिलेच चालू आहे. टाचण वहीत ५ ऑगस्टनंतर नोंद नाही. तपासलेल्या दहा वह्यांपैकी सात वह्यांत जुलैपासूनचा गृहपाठ तपासलेला नाही. शिक्षकांचे म्हणणे: जुलैत निवडणुकीच्या कामामुळे तास बुडाले. ठरले: दोन जादा तास देणे, ज्येष्ठ गणित शिक्षकांचे दोन पाठ पाहणे, १५ सप्टेंबरला पुन्हा पाहणी.’ खाली दोघांच्या सह्या.

या नोंदीत शिक्षकाचे म्हणणे आले आहे, ते फार मोलाचे आहे. निवडणुकीचे काम खरेच असेल, तर ते तास वजा करूनच मागे पडणे मोजायला हवे. हजेरीपट आणि कार्यमुक्तीचा आदेश पाहून मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात ते तपासावे. शिक्षकाने सही नाकारली, तर तसे लिहून पत्र आवक-जावक रजिस्टरच्या क्रमांकाने पाठवावे आणि पोहोच जपावी. १५ सप्टेंबरची पाहणी मात्र चुकवता कामा नये. ती झालीच नाही, तर शिक्षकाचा वकील विचारणारच की सुधारणेची संधी दिली कुठे? आणि पाहणीत सुधारणा दिसली, तर तीही तितक्याच स्पष्टपणे लिहावी. फक्त दोष टिपणारी वही आकसाची वाटते.

खरी गडबड होते ती वार्षिक गोपनीय अहवालात. वर्षभर कुरकुर करणारे मुख्याध्यापक एप्रिलमध्ये भिडेखातर ‘चांगले’ लिहून टाकतात. पुढे वाद पेटला, की लॉगबुक एक सांगते आणि अहवाल दुसरे. प्रतिकूल शेरा लिहिला, पण शिक्षकाला मुदतीत लेखी कळवला नाही, तरी पंचाईत होते. अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरे मुदतीत कळवले नाहीत, तर त्या वर्षीचे काम समाधानकारक होते असे धरले जाते, अशी नियमातच तरतूद आहे. म्हणजे कपाटात बंद राहिलेला कडक शेरा शेवटी शिक्षकाच्याच बाजूने जातो.

काही संस्था वाद उभा राहिल्यावर मागच्या तारखांचे मेमो तयार करतात. हे सरळसरळ खोटे आहे आणि ते उघडही पडते. जावक रजिस्टरमध्ये त्या क्रमांकावर दुसरेच पत्र असते, किंवा मेमोतल्या दिवशी शिक्षक रजेवर असल्याचे हजेरीपट सांगतो. असा एक कागद सापडला, की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

नोंदी चोख असल्या तरी त्यांच्या जोरावर थेट आदेश काढता येत नाही. कायम शिक्षकाला आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी समिती नेमावी लागते आणि तिच्यावर एक सदस्य शिक्षकाच्या पसंतीचा असतो. वर्षभराचे कागद त्या समितीपुढे पुरावा म्हणून येतात आणि ते लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांना उलटतपासणीला सामोरे जावे लागते. आरोपपत्रात न घातलेल्या जुन्या चुका अंतिम आदेशात घुसवल्या, तर त्या शिक्षकाला उत्तर देण्याची संधीच मिळालेली नसते आणि आदेश तिथेच कमकुवत होतो.

तेव्हा मुख्याध्यापकांना विनंती आहे: पाठ पाहिला की त्याच आठवड्यात शेरा लिहा, शिक्षकाला वाचायला द्या आणि त्याचे उत्तर त्याच पानावर घ्या. शिक्षकांनीही प्रत मागून घ्यावी आणि आपले म्हणणे लेखी द्यावे. तो त्यांचा हक्क आहे.