तिळगूळ घे, पण खरं बोल

संक्रांतीला सकाळपासून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ इतक्या वेळा येतं की कुणी ते वाचतच नाही. तरी म्हण टाकून देऊ नका. तिचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. तो तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या भागात त्या मित्राचीच एखादी खोड घालायची. सदा उशिरा येणाऱ्याला लिहा, ‘तिळगूळ घे, आणि आज तरी घरात बसून “पोचतोच आहे” असं बोलू नकोस.’ पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली की गंमत गेलीच.

फटकळ मैत्रिणीसाठी हलवा कामी येतो. मंद आचेवर तिळावर थोडाथोडा पाक सोडत हलवत राहिलं की दाण्यावर काटा येतो, आणि हलव्याची पारख त्या काट्यावरूनच होते. म्हणून, ‘हलवा घे आणि बोल तशीच, काट्यासकट. गुळगुळीत बोलणारे पुष्कळ आहेत.’

मात्र ज्याच्याशी अबोला आहे त्याला असलं काही पाठवू नका, टोमणाच वाटेल. तिथे जुनी म्हणच बरी, आणि तीही घरी जाऊन, हातावर तिळगूळ ठेवून म्हणा.