शिल्लक कुठे लिहिलेली असते?

मीराच्या मोबाइलमधलं बिटकॉइन वॉलेट 0.8 बिटकॉइन शिल्लक दाखवतं. गंमत अशी की हा 0.8 चा आकडा बिटकॉइनच्या नोंदवहीत कुठेच लिहिलेला नाही. मीराच्या नावाचं खातंही तिथे नाही. पूर्वी कुणाकडून आलेला 0.5 चा एक तुकडा आणि 0.3 चा दुसरा, अशा दोन न खर्चलेल्या नोंदी तेवढ्या तिथे आहेत. दोन्हींना तिच्या चावीचं कुलूप आहे. त्यांची बेरीज करून दाखवण्याचं काम वॉलेट करतं. या न खर्चलेल्या तुकड्यांना ‘यूटीएक्सओ’ म्हणतात.

आता मीराला समीरला 0.6 बिटकॉइन द्यायचे आहेत. एकही तुकडा एकटा पुरत नाही, आणि तुकडा अर्धामुर्धा खर्चता येत नाही. सोनाराकडे जुने दागिने आटवून नवे घडवतात, तसा हा व्यवहार चालतो. दोन्ही तुकडे आत जातात आणि कायमचे संपतात. बाहेर दोन नवे तुकडे पडतात: समीरच्या पत्त्यावर 0.6 आणि मीराच्याच एका नव्या पत्त्यावर सुट्टे परत आलेले 0.1999. राहिलेली 0.0001 ही घट म्हणजे मायनरची फी. फी अशी वेगळी कुठे लिहिलेलीच नसते. आत गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा केलं की जे उरतं, ती फी. म्हणून स्वतःच्या हाताने व्यवहार रचणाऱ्याने परतीचा तुकडा लिहायला विसरू नये. विसरला, तर ती सगळी रक्कम मायनरच्या खिशात जाते.

2015 मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक पत्त्यासमोर शिल्लक खरोखरच लिहिलेली असते. तिथे मीराने 0.6 इथर पाठवले, तर तिच्या आकड्यातून 0.6 आणि फी वजा होते आणि समीरच्या आकड्यात 0.6 मिळवले जातात. सुट्ट्यांचा प्रश्नच येत नाही.

पण मग एकच पैसा दोनदा खर्च झाला तर? बिटकॉइनमध्ये उत्तर सोपं आहे: खर्चलेला तुकडा यादीतून निघून गेलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर आधारलेला दुसरा व्यवहार नाकारला जातो. इथेरियममध्ये मात्र मीराचा सही केलेला 0.1 इथरचा आदेश कुणी पुन्हा सादर केला, तर शिल्लक पुरेशी असल्यामुळे तो परत वठला असता. हे टाळण्यासाठी प्रत्येक खात्याला ‘नॉन्स’ नावाचा चढता क्रमांक असतो. सातव्या क्रमांकाचा व्यवहार एकदा झाला की सात पुन्हा चालत नाही. याची दुसरी बाजूही आहे. कमी फी लावल्यामुळे सातवा अडकला, तर त्यामागचे आठवा आणि नववाही खोळंबतात. अशा वेळी त्याच सात क्रमांकाने, जास्त फी लावून नवा व्यवहार पाठवावा लागतो.

फीचं गणितही दोन्हीकडे निराळं. इथेरियममध्ये साधं इथर पाठवायला 21,000 गॅस लागतो, मग शिल्लक एका वेळी आलेली असो की शंभर वेळा थोडी थोडी साठलेली. बिटकॉइनमध्ये फी व्यवहाराच्या आकारावर ठरते. हल्लीच्या नेहमीच्या पत्त्यावरचा एकेक तुकडा खर्चायला सुमारे 68 व्हर्च्युअल बाइट जागा लागते. बाइटमागे 20 सातोशी दर असेल, तर एकेका तुकड्यामागे सुमारे 1,360 सातोशी जातात. म्हणजे 1,000 सातोशीचा तुकडा शिलकीत दिसतो खरा, पण त्या दराने तो खर्चणं तोट्याचं. म्हणून जाणकार लोक दर उतरले की बारीक तुकडे एकत्र करून ठेवतात. त्यातही एक मेख आहे: एकाच व्यवहारात आत गेलेले तुकडे बहुधा एकाच मालकाचे, असा तर्क बघणारा सहज करू शकतो. वेगवेगळ्या पत्त्यांवर पैसे घेऊन राखलेली गुप्तता मग तिथेच संपते.

एवढं असूनही तुकड्यांच्या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. दोन व्यवहार वेगवेगळे तुकडे वापरत असतील, तर त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो, आणि ते एकाच वेळी तपासता येतात. इथेरियमने खाती निवडली त्यामागचं एक कारण याच्या अगदी उलट आहे. त्यांना साध्या देवघेवीपलीकडे, अनेकांनी मिळून वापरायचे करार नोंदवहीत चालवायचे होते. समजा, चलनांच्या अदलाबदलीसाठी हजारो लोकांचा एकच सामाईक निधी आहे. खात्याच्या पद्धतीत तो करार आपली शिल्लक जवळ ठेवतो आणि येणारे व्यवहार एकामागून एक त्यात बदल करत जातात. तोच निधी एका तुकड्यात ठेवला, तर पहिल्याने तो खर्चताच त्याच तुकड्यावर बेतलेले बाकी सगळे व्यवहार रद्द ठरतात. तुकड्यांच्या पद्धतीवरच करार चालवणाऱ्या कार्डानोत नेमकी हीच अडचण येते. तिथे मग प्रत्येकाची मागणी वेगळ्या तुकड्यात ठेवतात, आणि त्या गोळा करून एका झटक्यात निकाली काढायचं काम कुणावर तरी सोपवतात.