गेममधला डोंगर खरा का वाटत नाही? कारण त्यावर पाऊसच पडलेला नसतो

माईनक्राफ्टमध्ये नवीन जग उघडलं की समोर डोंगर, दऱ्या, समुद्र सगळं तयार असतं. हे कुणी हाताने बनवलेलं नसतं, गणिताने उभं राहिलेलं असतं. त्या गणिताला नॉइज म्हणतात.

नॉइज म्हणजे इथे गोंगाट नाही. जमिनीवरच्या कुठल्याही बिंदूचे x आणि y दिले की हे फंक्शन एक आकडा देतं, आणि शेजारच्या बिंदूचा आकडा त्याच्या जवळपासचाच असतो. म्हणून चढ-उतार अंगावर येत नाहीत, हळूहळू होतात. यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार केन पर्लिनने 1980 च्या दशकात बनवला. मुळात तो सिनेमातल्या कॉम्प्युटर ग्राफिक्ससाठी होता आणि त्यासाठी पर्लिनला पुढे ऑस्करवाल्या अकादमीचं टेक्निकल अवॉर्डही मिळालं.

पण एकटा नॉइज म्हणजे गुळगुळीत टेकड्या, गादीवर चादर टाकल्यासारख्या. म्हणून त्याचे थर लावतात. प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा निम्म्या उंचीचा आणि निम्म्या आकाराचा:

```
h = 0; amp = 100; size = 256
for i in range(5):
    h += amp * noise(x/size, y/size)
    amp /= 2
    size /= 2
```

पहिला थर 100 मीटरचे मोठे डोंगर देतो, दुसरा 50 मीटरच्या सोंडा, आणि पाचवा साधारण 6 मीटरचे खडबडीत उंचवटे. स्क्रीनशॉटमध्ये हे झकास दिसतं. त्यात फिरायला लागलात की मात्र काहीतरी खटकतं.

काय खटकतं ते बघायला मी एक सोपी टेस्ट करतो. नकाशावर कुठेही एक थेंब सोडायचा आणि तो दरवेळी सगळ्यात खालच्या शेजारी घरात सरकवायचा. खऱ्या डोंगरात, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही, थेंब ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि शेवटी समुद्रात जातो. नॉइजच्या जमिनीवर तो थोडं उतरून एखाद्या खड्ड्यात अडकतो. असे बंद खड्डे सगळीकडे असतात, कारण नॉइजला पाणी कुठे जाणार याची काही कल्पनाच नसते. दऱ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, आणि आपल्या डोळ्याला ते न सांगता कळतं.

उपाय म्हणजे इरोजन, जमिनीची झीज. थेंब नुसता घरंगळवायचा नाही, त्याला माती वाहायला लावायची. उतार जितका तीव्र आणि वेग जितका जास्त, तितकी जास्त माती तो पेलू शकतो. पेलण्याची जागा शिल्लक असेल तर तो खालची जमीन खरवडतो. उतार कमी झाला की जास्तीची माती खाली टाकतो. खड्ड्यात सापडून पुढे चढ आला, तर तो खड्डाच थोडा बुजवतो. साधारण 30 पावलांत थेंब आटतो. 512 × 512 घरांच्या नकाशावर असे लाखभर थेंब सोडले की घळी तयार होतात, त्या एकमेकींना मिळतात आणि पायथ्याशी गाळाचे पंखे पसरतात.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. थेंबाने एकाच घरातली माती काढली तर जमिनीत सुईसारखी भोकं पडतात. म्हणून खरवडणं आजूबाजूच्या 3-4 घरांत वाटून द्यायचं, आणि पुढच्या घराशी जितका उंचीचा फरक आहे त्यापेक्षा जास्त माती एका पावलात उचलायची नाही.

मग माईनक्राफ्ट हे का वापरत नाही? ते जग 16 × 16 च्या चंक्समध्ये, तुम्ही चालाल तसं बनतं. नॉइजला फक्त x, y आणि सीड लागतो, शेजारी काय आहे याच्याशी घेणं-देणं नाही. थेंब मात्र शेजारच्या चंकमधून वाहत येतो, आणि तो चंक अजून बनलेलाच नसतो. वाटेल की भोवतीची 30 घरं जास्तीची मोजली की झालं. पण त्या 30 घरांची उंची त्यांच्याही पलीकडून आलेल्या थेंबांनी बदललेली असते, त्यांची आणखी पलीकडून. ही साखळी तुटत नाही, आणि दोन चंक्सच्या सीमेवर नदी मध्येच कापल्यासारखी दिसते.

गंमत म्हणजे 2021 च्या 1.18 अपडेटपासून माईनक्राफ्टमध्ये "इरोजन" नावाचा आकडा आहे. कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये F3 दाबलं की तो E म्हणून दिसतो. पण तोही एक नॉइजच आहे! तो जास्त असेल तिथे जमीन सपाट, कमी असेल तिथे डोंगर. पाण्याचा एक थेंबही त्यात वाहत नाही. मला ही तडजोड हुशारीची वाटते, कारण अमर्याद जगात दुसरा स्वस्त मार्ग नाही.

तुमच्या गेमचं जग मर्यादित असेल, तर मात्र झीज स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकदाच चालवा आणि तयार उंचीचा नकाशा गेमसोबत द्या. 512 × 512 घरं, प्रत्येकी 2 बाइट म्हणजे अर्धा एमबी. खेळणाऱ्याच्या फोनला एकही थेंब मोजावा लागत नाही.